दूध बिल कसं तपासायचं? सरासरी फॅट जुळते, पण खात्री पटत नाही

वैरणवाली (करवीर)
नमस्कार मंडळी. आमच्याकडे दोन म्हशी आहेत. सासूबाई सकाळ-संध्याकाळ गावातल्या संस्थेत दूध घालतात आणि हिशेब माझ्याकडे असतो. दर दहा दिवसांनी बिल निघतं, म्हणजे महिन्याला तीन. गेल्या महिन्याची तिन्ही बिलं एकत्र तपासायला बसले. पहिलं आणि तिसरं ठीक वाटलं, पण मधल्या बिलाशी (११ ते २०) अडले आहे.

मी असं केलं. सासूबाईंनी सगळ्या चिठ्ठ्या डब्यात जपून ठेवलेल्या असतात. वीसही वेळच्या फॅटची बेरीज केली आणि वीसने भागलं, तर ६.६२ आली, म्हणून ६.६ धरली. संस्थेच्या भिंतीवरच्या दरपत्रकात ६.६ ला ५२.१० रुपये आहेत. दूध झालं १०५ लिटर. गुणाकार ५४७०.५०. बिलावर दुधाची रक्कम आहे ५४६८.२५. म्हणजे सव्वादोन रुपयांचाच फरक.

पण त्याच बिलावर सरासरी फॅट ६.५ छापली आहे. फॅट कमी आणि रक्कम जवळपास तेवढीच, हे कसं? आणि पशुखाद्य १२००, उचल ५००, ठेव ५२.५० कापून हातात ३७१५.७५ आले. सासूबाई म्हणतात, "एवढं दूध घालून एवढंच?" त्यांना नीट समजावून सांगायचं आहे. बिल बरोबर आहे का?

पेठेतला
सव्वादोन रुपयांसाठी धागा! ताई, तेवढ्यात चहा पण येत नाही आता. 😀

कागलकर
सरळ आहे. मशीन सेट केलेलं असतं. आमच्याकडे पण असंच. फॅट लागते ७, चिठ्ठीवर येते ६.५. सगळीकडे हेच चालू आहे, हिशेब करून उपयोग नाही.

रंकाळा
@कागलकर, चिठ्ठीवरच्या आकड्याशीच तर ताई बिल ताडून बघतायत. मशीन खरं-खोटं हा वेगळा प्रश्न. आधी चिठ्ठी आणि बिल जुळतंय का ते बघू द्या.

मी_पन्हाळकर
ताई, ६.६ आणि ६.५ चा उलगडा सोपा आहे. तुम्ही फॅटची साधी सरासरी काढली. सकाळी दूध जास्त असतं आणि फॅट कमी, संध्याकाळी दूध कमी आणि फॅट जास्त. लिटरप्रमाणे वजन द्यायला हवं. प्रत्येक वेळचे लिटर गुणिले फॅट, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण लिटर. मग सरासरी आपोआप खाली येते. संस्थेची ६.५ तशी आलेली आहे. आणि ६.५ चा दर धरला तर १०५ लिटरचे किती होतात बघा, त्यापेक्षा तुम्हाला जास्तच मिळालेत. बिल बरोबर आहे.

वैरणवाली
६.५ ला ५१.५० दर आहे. म्हणजे ५४०७.५०. खरंच साठ रुपये जास्त मिळालेत! पण मग हे जास्तीचे कुठून आले?

टेस्टर_काका (भुदरगड)
ताई, हा तुमचा शेवटचा प्रश्न लाखमोलाचा आहे, तो सोडू नका. मी बरीच वर्षं संस्थेत टेस्टर होतो, नंतर सेक्रेटरीचं काम पण केलं.

पन्हाळकरांचं वजनी सरासरीचं म्हणणं बरोबर आहे. पण सरासरीवरून रक्कम काढायची नसतेच, साधी असो की वजनी. बिल प्रत्येक वेळच्या दुधावर बनतं. सकाळचं दूध, सकाळची फॅट, त्या फॅटचा दर, त्याची रक्कम. संध्याकाळचं तसंच वेगळं. अशा वीस रकमांची बेरीज म्हणजे दुधाची रक्कम. सरासरी फॅट ही बिलाच्या तळाला नुसती माहितीसाठी छापतात.

तुम्ही वीसही चिठ्ठ्यांवरचे लिटर, फॅट, एसएनएफ इथं टाका. आणि दरपत्रकात ६.० पासून ७.३ पर्यंत काय दर आहेत तेही.

दूधगंगाकाठ
मध्येच विचारतो, माफ करा. आमचं गाईचं दूध आहे. ते सरकारचं लिटरमागं सात रुपये अनुदान बिलात दिसत नाही. ते संस्थेनं खाल्लं म्हणायचं का?

रंकाळा
@दूधगंगाकाठ ते बिलात येतच नाही दादा. २०२४ मध्ये गाईच्या दुधाला आधी ५ आणि १ ऑक्टोबरपासून ७ रुपये जाहीर झाले, ते थेट बँक खात्यात जमा होणारे होते. जनावराच्या कानाला टॅग आणि त्याची नोंद लागते. बँकेचं पासबुक आणि टॅग नंबर घेऊन संस्थेत विचारा. या धाग्यातलं दूध म्हशीचं आहे, त्याला ते अनुदान नाही.

दूधगंगाकाठ
टॅग एका गाईचा पडलाय. तेच असंल मग. बघतो.

वैरणवाली
@टेस्टर_काका घ्या. ११ तारखेपासून क्रमाने लिहिते. सकाळी दररोज ६ लिटर आणि संध्याकाळी साडेचार लिटर धरला आहे, चिठ्ठ्यांवर तसंच आहे.

सकाळची फॅट: ६.२, ६.३, ६.१, ६.२, ६.४, ६.२, ६.३, ६.१, ६.२, ६.०
संध्याकाळची: ७.०, ७.२, ७.१, ६.९, ७.२, ७.०, ७.१, ६.९, ७.०, ७.१

एसएनएफ सगळीकडे ९.०, फक्त १३, १४, १५ च्या सकाळी ८.८ आहे.

दर: ६.० ला ५०.००. तिथून ६.५ पर्यंत दर पॉइंटला ३० पैसे वाढतात. ६.५ च्या पुढं दर पॉइंटला ६० पैसे. म्हणजे ७.० ला ५४.५०. एसएनएफ ९.० च्या खाली गेला तर पॉइंटला ३० पैसे कट.

आजरेकर
दररोज बरोबर सहा आणि बरोबर साडेचार? म्हैस आहे की नळ? 😄

टेस्टर_काका
आजरेकरांनी हसत विचारलं, पण त्यावर नंतर येतो. आधी रक्कम.

सकाळ: दहा वेळच्या फॅटची बेरीज ६२.०. सगळ्या फॅट ६.० ते ६.५ या एकाच पायरीत आहेत, दर सारख्या चालीनं वाढतो, म्हणून इथं दहा दरांची बेरीज थेट ५०६.०० येते. गुणिले ६ लिटर, ३०३६.००.

संध्याकाळ: सगळ्या फॅट ६.५ च्या वरच्या पायरीत. दहा दरांची बेरीज ५४८.००. गुणिले साडेचार, २४६६.००.

एकूण ५५०२.००.

आता एसएनएफ. तीन सकाळी ८.८, म्हणजे दोन पॉइंट कमी, ६० पैसे कट. सहा लिटरला ३.६०, तीन वेळचे १०.८०. ते वजा केले की ५४९१.२० राहतात.

तुमच्या चिठ्ठ्यांप्रमाणे दुधाची रक्कम ५४९१.२० व्हायला हवी. बिलावर ५४६८.२५ आहे. २२.९५ कमी पडलेत.

मी_पन्हाळकर
काका, पण मग ताईंच्या पहिल्या हिशेबात फक्त सव्वादोन रुपयांचा फरक कसा आला होता?

टेस्टर_काका
योगायोग, आणि हाच यातला धोका आहे. दरपत्रक दोन पायऱ्यांचं आहे. ६.५ च्या वर पॉइंटला दुप्पट पैसे मिळतात. संध्याकाळची ७ च्या आसपासची फॅट त्या वरच्या पायरीचा फायदा घेते. सकाळ-संध्याकाळ मिसळून ६.६ केली की तो फायदा बुडतो. म्हणून ताईंचा सरासरीचा हिशेब मुळातच ३१.५० ने कमी आला. आणि बिलात एसएनएफ कट आणि आणखी काहीतरी मिळून ३३.७५ कमी आहेत. दोन्ही खड्डे जवळजवळ सारखे निघाले, म्हणून वरून सपाट दिसलं.

साठ रुपये जास्तीचे आले वाटत होते, त्याचंही कारण हेच. ६.५ चा दर सगळ्या दुधाला लावला तर संध्याकाळच्या दुधावर अन्याय होतो.

आता २२.९५ कुठं गेले? साडेचार लिटरने भागा. ५.१० येतात. एका संध्याकाळच्या दरात ५ रुपये १० पैशांचा फरक. ७.२ चा दर ५५.७० आणि ६.२ चा ५०.६०. बरोबर ५.१०. दोन दिवशी संध्याकाळी ७.२ आहे, १२ आणि १५ तारखेला. त्यातल्या एका दिवशी बिलात ६.२ चढली असावी असा माझा अंदाज. सातचा सहा.

वैरणवाली
वाचून अंगावर काटा आला. पण बिलावर तर वीस वेळच्या फॅट छापलेल्या नाहीत. नुसते एकूण लिटर, सरासरी फॅट, रक्कम आणि कपाती आहेत.

टेस्टर_काका
तळाची सरासरी बघा. तुमच्या चिठ्ठ्यांची वजनी सरासरी ६.५६ येते, ती एका दशांशात ६.६ छापली गेली असती. एका संध्याकाळी ७.२ ऐवजी ६.२ धरली तर ६.५२ येते, म्हणजे ६.५. पन्हाळकर, वजनी सरासरी साध्यापेक्षा कमी येते हे तुमचं खरं, पण एवढी खाली यायला आणखी एक कारण लागतं. अर्थात काही संस्थांचं सॉफ्टवेअर पुढचा आकडा नुसता कापून टाकतं, तिथं ६.५६ चंही ६.५ होईल. म्हणून हा पुरावा नाही, इशारा आहे. पुरावा संस्थेच्या रोजच्या दूध संकलन नोंदीत.

कागलकर
आणि सेक्रेटरी ती नोंद दाखवणार? स्वप्न बघा.

सहकारवाला
दाखवावी लागते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०, कलम ३२. संस्थेच्या दप्तरात सभासदाच्या स्वतःच्या व्यवहाराच्या ज्या नोंदी आहेत त्या कार्यालयीन वेळेत विनाशुल्क बघायचा हक्क आहे. प्रत हवी तर फी भरून मिळते, महिन्याच्या आत. नाहीच दिली तर कोल्हापुरात सहायक निबंधक (दुग्ध) यांचं कार्यालय आहे, तिथं लेखी अर्ज. पण सभासद कोण ते बघा. खातं सासूबाईंच्या नावावर असेल तर अर्जावर सही त्यांचीच लागेल.

एक सांगतो, पहिल्याच दिवशी कलम सांगत जाऊ नका. चिठ्ठी घेऊन जा आणि "१२ आणि १५ ची संध्याकाळ बघू द्या" एवढंच म्हणा.

गंगावेशकर
विषयांतर. आमचे आजोबा म्हणायचे, फॅट-बिट काही नाही, गंगावेशच्या कट्ट्यावर म्हशीची धार थेट पेल्यात घ्यायची, पैसे हातावर ठेवायचे, हिशेब संपला. 🙂

पेठेतला
@गंगावेशकर आणि फेसाचे पैसे पण द्यायचे! 😀

टेस्टर_काका
फेसाचं निघालंच आहे तर आजरेकरांच्या नळाकडे येतो. सलग दहा दिवस बरोबर ६.० आणि ४.५ हे म्हशीकडून होत नाही. दोनच शक्यता. एक तर काटा दोन दशांश दाखवतो आणि नोंदवताना एकच दशांश धरतात. किंवा अर्ध्या लिटरच्या मापानं मोजतात.

काटा ६.०७ दाखवत असेल आणि ६.० नोंदत असतील तर त्यात ७० मिली गेले. कधी १० जातील, कधी ९०, सरासरी ४५ मिली धरा. दहा दिवसांत वीस वेळा, म्हणजे जवळजवळ ९०० मिली. तुमच्या दरानं ४५ ते ५० रुपये. फॅटची चूक एकदाच झाली, हे मात्र दर बिलाला होत राहील. सासूबाईंना सांगा, दूध ओततात त्या वेळी काट्यावरचे दोन्ही दशांश वाचून घरी वहीत लिहायचे. फेस असताना काटा वाचला तरी वजन तेच राहतं, पण मापानं मोजत असतील तर फेस बसू द्यायला हवा.

रंकाळा
आमच्या संस्थेत काटा किलोवर आहे आणि लिटर आपोआप दाखवतो, १.०३ ने भागून. ६.१८ किलोचे ६.०० लिटर. संघ किलोवर घेतो, संस्था लिटरवर देते, त्यामुळे हा १.०३ कुठं लागला आणि कुठं नाही हे विचारायलाच हवं. ताई, तुमच्या काट्यावर "किलो" लिहिलंय की "लिटर"?

वैरणवाली
उद्या बघते. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "लाल आकडे असतात, पोरगं वाचतं आणि सांगतं."

डेअरीवाला_पोरगा
मी पण एका संस्थेत सकाळी संकलनाला असतो. इथं सगळे आम्हालाच चोर म्हणतायत म्हणून लिहितोय. साडेपाच ते साडेसात दीडशे-दोनशे लोक येतात. आमच्या इथं मशीन कॉम्प्युटरला जोडलेलं आहे, फॅट आपोआप चढते. पण लाइट गेली की फॅट कागदावर लिहितो आणि नंतर हातानं चढवतो. सातचा सहा तेव्हाच होतो. मुद्दाम कोण एका म्हशीवाल्याचे तेवीस रुपये खाणार?

ताई, त्या दिवशी संध्याकाळी लाइट गेली होती का आठवा. आणि चिठ्ठी छापलेली आहे की हातानं लिहिलेली?

वैरणवाली
@डेअरीवाला_पोरगा १५ तारखेची चिठ्ठी हातानं लिहिलेली आहे! बाकी सगळ्या छापील. तुम्हाला कुणी चोर म्हणत नाही हो, मला फक्त आकडा हवाय.

कागलकर
ठीक आहे, ही चूक मानली. पण मशीन सेट असतं हे मी अजून म्हणतोय. ते कसं पकडणार?

टेस्टर_काका
मशीन बिघडलं किंवा कमी-जास्त लावलं तर फरक एकट्याला पडत नाही. त्या वेळी आलेल्या सगळ्यांची फॅट एका बाजूला सरकते. तुमच्या शेजारच्या दोन-तीन घरांच्या चिठ्ठ्या त्याच दिवसाच्या मागून घ्या. सगळ्यांची तीन-चार पॉइंटनं एकदम उतरली तर मशीनकडे बोट दाखवायला कारण आहे. एकट्या तुमचीच उतरली तर नमुना, म्हैस किंवा नोंद.

पक्की खात्री हवी तर गर्बर पद्धतीनं तपासणी मागा. मशीन त्याच्याशीच ताडून लावलेलं असतं. बुटिरोमीटरमध्ये १० मिली ॲसिड, १०.७५ मिली दूध, १ मिली अमाइल अल्कोहोल, फिरवून घेऊन फॅट थेट दांडीवर वाचायची. ॲसिड जहाल असतं, घरी करायचा खेळ नाही.

नमुना दुसरीकडे नेऊन तपासणार असाल तर बाटलीत साय वर येऊन कडेला चिकटते, त्यामुळे फॅट कमी लागते. दूध चाळीस अंशांपर्यंत कोमट करून बाटली हळू उलटसुलट करायची, हलवून फेस काढायचा नाही. आणि नमुना घेतानाच किटलीतलं दूध तळापासून ढवळलेलं हवं.

वासरूवाली
आमची फॅट कधी ६, कधी ७.५. वासराला शेवटची धार सोडतो ते चुकतंय का?

टेस्टर_काका
शेवटच्या धारेतच सगळ्यात जास्त फॅट असते, म्हणून वासरू शेवटी पाजलं की चिठ्ठीवर कमी दिसणारच. वासराला आधी पाजा, पण त्याचं पोट मारू नका. सकाळ-संध्याकाळचा फरक वेगळा आहे. रात्रीची मुदत मोठी असते, म्हणून सकाळी दूध जास्त आणि फॅट कमी. वैरणवाली ताईंच्या आकड्यांत तो दिसतोच.

मी_पन्हाळकर
त्या तीन सकाळच्या ८.८ चं काय? सलग तीन दिवस, मग परत ९.०.

टेस्टर_काका
तिथं मला खात्रीनं सांगता येत नाही. त्या दिवसांत वैरण-पेंड बदलली असेल तर एसएनएफ खरंच उतरू शकतो. पण डिग्री लॅक्टोमीटरनं घेत असतील तर ताजं, कोमट दूध डिग्री कमी दाखवतं. दूध ठरलेल्या तापमानापेक्षा चार अंश गरम असेल आणि दुरुस्ती केली नाही तर डिग्री साधारण ०.८ नं कमी दिसते. एसएनएफच्या सूत्रात डिग्रीला चारनं भागतात, म्हणजे बरोबर ०.२ चा फटका. ९.० चं ८.८. थंडीत कुणी गरम गरम दूध थेट नेलं तर असं होतं. ताई, त्या तीन दिवशी कुणी नेहमीपेक्षा लवकर नेलं होतं का?

वैरणवाली
१३ ते १५ सासूबाई पाहुण्यांकडे होत्या, दूध दीर नेत होता. तो धार झाली की लगेच गाडीवर टाकून पहिल्या नंबरला जातो. सासूबाई चालत जातात, रांगेत थांबतात. पण त्याच दिवसांत पेंडीचं नवीन पोतंही काढलं होतं. त्यामुळे काय ते सांगता येत नाही.

वैरणवाली (तीन दिवसांनी)
सासूबाई आणि मी दोघी संस्थेत गेलो. सेक्रेटरींनी काही आढेवेढे न घेता रजिस्टर आणि कॉम्प्युटर दोन्ही काढले. १२ ची संध्याकाळ ७.२ बरोबर आहे. १५ ची संध्याकाळ कागदी रजिस्टरवर ७.२, कॉम्प्युटरमध्ये ६.२. त्या संध्याकाळी लाइट गेली होती. २२.९५ पुढच्या बिलात जमा होतील असं लिहून दिलं. कपातींचं पण बघितलं. पशुखाद्याचं एक पोतं आणि उचलीचा हप्ता आपलाच आहे. ठेव लिटरला ५० पैसे, ती संस्थेकडे सासूबाईंच्या नावावर जमा होते. त्याचं वेगळं पासबुक असतं हे आम्हाला माहीतच नव्हतं, आता मागितलं आहे.

काट्यावर "लिटर" लिहिलंय आणि दोन दशांश दिसतात. संकलनाला एकच धरतात. सेक्रेटरी म्हणाले, "सगळ्यांना तसंच आहे, सॉफ्टवेअरमध्ये एकच दशांश बसतो." वार्षिक सभेत विषय मांडा म्हणाले.

सहकारवाला
सभेत मांडायचं तर आधीच लेखी द्या आणि पोच घ्या. आणखी चार-पाच उत्पादकांच्या सह्या घ्या. तोपर्यंत वहीत दोन्ही दशांश लिहीत राहा, सभेत महिन्याचा आकडा हातात असला पाहिजे.

डेअरीवाला_पोरगा
दोन दशांश धरले तर काही अडत नाही, आमच्या इथं धरतात. सॉफ्टवेअरवाल्याला सांगितलं की सेटिंग बदलून देतो. पण मग संस्थेची घट वाढते, कारण नमुन्याला रोज थोडं थोडं दूध जातं आणि किटलीला, कॅनला चिकटतं. ती घट आत्ता या दशांशातून भरून निघते. सभेत हे पण येणार, तयारीनं जा.

कागलकर
म्हणजे घट उत्पादकाच्या दशांशातून भरायची? ते कमिशनमधून भरा ना.

टेस्टर_काका
कागलकर, या वेळी तुमच्याशी मी सहमत आहे. पण छोट्या संस्थेला कमिशन किती पुरतं ते ताळेबंदात बघितल्याशिवाय बोलणं बरं नाही. ताई, कलम ३२ मध्ये लेखापरीक्षित ताळेबंद पण बघता येतो. घट किती दाखवलीय आणि दिवाळीला दरफरक किती वाटला, ते दोन आकडे काढून आणा.